लिंक ज्याच्या हातात, तो ग्रुपमध्ये

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये नवा माणूस साधारणपणे दोन वाटांनी येतो. एकीत ॲडमिन त्याचा नंबर निवडून त्याला आत घेतो. दुसरीत ग्रुपची लिंक त्याच्या हाती पडते, तो ती उघडतो आणि स्वतःच आत येतो. पहिल्या वाटेवर निदान एका माणसाने विचार केलेला असतो की हा आपल्यातला आहे. दुसऱ्या वाटेवर तो विचार कोणी केलेला असेलच असं नाही. तरी बहुतेक ॲडमिन समजतात की आपण लिंक मोजक्या लोकांना पाठवली, म्हणजे मोजकेच लोक येतील.

ही लिंक एकदा नीट पाहून घेण्यासारखी आहे. तिची सुरुवात प्रत्येक ग्रुपसाठी सारखीच असते:

```
https://chat.whatsapp.com/
```

त्यापुढे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची सरमिसळ असलेला २२ चिन्हांचा कोड येतो. लिंकमधला खरा ऐवज तोच. त्या कोडमध्ये ग्रुपचं नाव दडलेलं नसतं, ॲडमिनचा नंबर नसतो, तारीखही नसते. तो नुसता ढिगातून उचललेला क्रमांक असतो आणि कोणता कोड कोणत्या ग्रुपचा, याची नोंद व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर असते. लिंकवर बोट ठेवलं की फोनमधलं ॲप उघडतं, सर्व्हरला कोड सांगतं आणि सर्व्हर उलट ग्रुपचं नाव, फोटो आणि सदस्यांची संख्या कळवतो. खाली सामील होण्याचं बटण असतं. ते दाबलं की तुमचा नंबर सदस्यांच्या यादीत जातो. या सगळ्या प्रवासात सर्व्हर एक प्रश्न कधीच विचारत नाही, तो म्हणजे ही लिंक तुम्हाला कोणी दिली.

लिंक माणसाच्या नावाची नसते, ग्रुपच्या नावाची असते. ॲडमिनने ती सुनंदाताईंना पाठवली म्हणून ती सुनंदाताईंची होत नाही. त्यांनी ती भाच्याला पाठवली, भाच्याने कॉलेजच्या ग्रुपवर टाकली, तरी प्रत्येक ठिकाणी ती तेवढीच चालते. ती एकदा वापरली म्हणून संपत नाही आणि जुनी झाली म्हणून बंद पडत नाही. ॲडमिनने स्वतः बदलली नाही, तर दोन वर्षांपूर्वीच्या लिंकवरूनही आज माणूस आत येऊ शकतो. ज्याच्याकडे व्हॉट्सॲप आहे असा कोणीही, कोणत्याही देशाच्या नंबरवरून. त्याचा नंबर एकाही सदस्याच्या फोनमध्ये जतन केलेला नसला तरी अडत नाही. वाट अडते ती ग्रुप भरला तर, म्हणजे १,०२४ सदस्य झाले तर.

यात एक गल्लत हमखास होते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१९ मध्ये ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल’ हे ठरवण्याची सोय दिली. तुम्ही ती फक्त ओळखीच्यांपुरती ठेवली असेल आणि अनोळखी ॲडमिन तुम्हाला घ्यायला गेला, तर तो तुम्हाला थेट घेऊ शकत नाही. त्याला तुमच्या नावे एक खासगी निमंत्रण पाठवावं लागतं. ते फक्त तुमच्यासाठी असतं आणि तीन दिवसांत बाद होतं. ग्रुपची लिंक आणि हे निमंत्रण दिसायला सारखी वाटतात, पण त्यांचे नियम अगदी उलट आहेत. तीन दिवसांची मुदत ग्रुपच्या लिंकला लागू नाही. ‘लिंक आता जुनी झाली, चालत नसेल’ असं जे लोक बिनधास्त म्हणतात, त्यांच्या मनात बहुधा हेच निमंत्रण असतं.

आता एक ग्रुप डोळ्यांसमोर आणू. ठाण्यातली ८४ घरांची सोसायटी समजा. टँकर कधी येणार, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, मेंटेनन्स कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, असल्या रोजच्या कामांचा ग्रुप. सेक्रेटरीबाईंनी सुरुवातीला एकेक नंबर घेत वीस-पंचवीस लोक जमवले, मग कंटाळून लिंक काढली. विंगवार छोटे ग्रुप होते, त्यांत टाकली. लिफ्टशेजारच्या फळ्यावर क्यूआर कोडही चिकटवला. हे सोयीचंच होतं, आठवडाभरात जवळजवळ सगळी घरं आली. पुढे एका घरमालकाने तीच लिंक भाडेकरू शोधणाऱ्या एजंटला दिली, कारण नवा भाडेकरू येणार होता. एजंटने ती त्याच भागातल्या जागांच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. प्रत्येकाने समोरच्याची सोय पाहिली, एवढंच.

सहा महिन्यांनी एका रात्री ग्रुपवर संदेश आला: ‘सोसायटीचं खातं बदललं आहे, या महिन्याचा मेंटेनन्स सोबतच्या क्यूआरवर भरावा.’ पाठवणाऱ्याच्या प्रोफाइलवर इमारतीचाच फोटो. दोघांनी पैसे भरलेही. त्यापाठोपाठ काही ज्येष्ठ सदस्यांना वैयक्तिक संदेश यायला लागले, ‘काका, मी बी विंगमधला, जरा तातडीचं काम होतं.’ सोसायटीचं नाव, विंग, घराघरांतल्या माणसांची नावं, कोणाच्या नळाला पाणी येत नाही, सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. कारण तो सहा महिने गुपचूप बसून वाचत होता.

इथे कोणीतरी नक्की विचारतं, की व्हॉट्सॲपचं तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असतं, मग बाहेरच्याने वाचलं कसं? त्याने बाहेरून काही वाचलंच नाही. नवा सदस्य यादीत आला की बाकीच्यांचे फोन त्यालाही आपल्या संदेशांची किल्ली देतात, जशी ती इतर प्रत्येक सदस्याला दिलेली असते. एन्क्रिप्शन वाटेत बसलेल्या चोरापासून वाचवतं. जो रीतसर आत येऊन बसला आहे, त्याला ते सदस्यच समजतं, आणि यादीच्या दृष्टीने तो असतोही सदस्य. लिंकवरून आलेल्याला त्याच्या येण्याआधीचं बोलणं आपोआप दिसत नाही, हा त्यातला दिलासा. पण त्या क्षणापासून पुढचं सगळं दिसतं, आणि सदस्यांचे फोन नंबर तर पहिल्या मिनिटापासून. माझ्या मते नंबरांची ही यादीच सर्वांत महागात पडते. बोलणं पुढे सरकतं आणि जुनं होतं, पण आईचा आणि आजोबांचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

कोड अंदाजाने ओळखून कोणी घुसेल, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. एकेका जागी बासष्ट चिन्हांपैकी कोणतंही येऊ शकतं आणि अशा बावीस जागा आहेत. एकावर एकोणचाळीस शून्यांच्या घरात जाणाऱ्या शक्यता चाचपून पाहणं कोणत्याही यंत्राला झेपणारं नाही. लिंक फुटते ती माणसांच्या हातून. ती कुठवर जाऊ शकते हे फेब्रुवारी २०२० मध्ये जगाला दिसलं. डॉइच वेलेचे पत्रकार जॉर्डन वाइल्डन यांनी दाखवून दिलं की ग्रुपच्या लिंका गूगलच्या शोधात सापडतात. जेन मांचुन वाँग यांनी शोध घेतला तेव्हा निकालांचा आकडा सुमारे ४,७०,००० दिसत होता. लोकांनी कुठल्या ना कुठल्या उघड्या पानावर लिंक टाकलेली, गूगलने इतर पानांसारखीच तिचीही नोंद घेतलेली. जानेवारी २०२१ मध्ये भारतातले सुरक्षा-संशोधक राजशेखर राजहरिया यांनी असाच प्रकार पुन्हा उघड केला. शोधयंत्रांनी या पानांची नोंद घेऊ नये अशी खूण आपण मार्च २०२० पासून लावत आहोत, असं व्हॉट्सॲपने तेव्हा सांगितलं. पण अशी खूण लावून लिंक बंद होत नाही, ती फक्त शोधात दिसायची थांबते. ज्याने ती आधीच उतरवून घेतली, त्याच्याकडे ती चालतच राहते.

ठाण्याच्या सोसायटीकडे परत येऊ. सेक्रेटरीबाईंनी पहिल्या रागात काय केलं असेल? तो नंबर ग्रुपमधून काढून टाकला. कोणीही हेच करेल, आणि चूक इथेच होते. ज्याला ॲडमिनने काढलं, त्याला त्याच नंबरवरून लिंक वापरून परत येता येत नाही. व्हॉट्सॲप त्याला सांगतं की तुम्हाला काढण्यात आलं आहे. (जो स्वतःहून बाहेर पडला, तो मात्र लिंकवरून पुन्हा येऊ शकतो.) पण लबाड माणसाकडे एकच सिम नसतं. दुसऱ्या नंबरवरून, दुसऱ्या नावाने, तीच लिंक वापरून तो दहा मिनिटांत परत येतो, आणि या वेळी कोणाला कळू नये म्हणून गप्प बसतो. म्हणून आधी लिंक बदलायची आणि मग माणसं काढायची. हा क्रम उलटा झाला तर सगळी मेहनत फुकट जाते.

लिंक बदलणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ग्रुप उघडून वरच्या नावावर बोट ठेवलं की ग्रुपची माहिती येते. तिथे सदस्यांच्या आसपास `Invite via link` किंवा तशाच शब्दांची ओळ असते. ती उघडली की सध्याची लिंक दिसते, आणि खाली ती पाठवण्याचे, कॉपी करण्याचे, क्यूआर दाखवण्याचे पर्याय असतात. त्यांतच `Reset link` असतं. ते दाबलं की ॲप एकदा खात्री करून घेतं, आणि ‘हो’ म्हणताच जुना कोड बाद होऊन नवा तयार होतो. जुनी लिंक आता कोणी उघडली, तर ती बदलण्यात आली असल्याने सामील होता येणार नाही, असा संदेश येतो. हा अधिकार ॲडमिनचा आहे. साध्या सदस्याने लिंक फुटलेली पाहिली, तर त्याने ॲडमिनला कळवायचं.

लिंक निव्वळ बंद करून ठेवायचं बटण व्हॉट्सॲपमध्ये शोधत बसू नका. रीसेट केलं की नवी लिंक तयार होतेच. पण ती तुम्ही कोणाला पाठवली नाही, तर ती जगात कोणालाच ठाऊक नसते आणि अंदाजाने सापडण्यासारखीही नसते. म्हणजे लिंक बदलायची आणि नवी कुठेच द्यायची नाही, हेच बंद करणं. ज्या ग्रुपमध्ये सगळी माणसं येऊन झाली आहेत, जसा कुटुंबाचा किंवा शाळेच्या वर्गमित्रांचा, त्यासाठी मी हेच सुचवेन.

सोसायटीत रीसेट झाल्यावर चेअरमन काकांचा सेक्रेटरीबाईंना फोन येतोच.

“ताई, लिंक बदललीत ना? मग आता तो गेला असेल.”

“नाही हो काका. लिंक बदलली म्हणजे नवं कोणी येणार नाही. आत आलेले आतच आहेत. ते आपल्यालाच शोधायचे आहेत.”

रीसेटचा हा अर्थ फार लोकांना माहीत नसतो. त्याने एकही सदस्य बाहेर जात नाही, भले तो बाद झालेल्या लिंकवरूनच आला असो. त्याच्यापुरतं लिंकचं काम तो आत आला त्या क्षणीच संपलं होतं.

मग शोधायचं कसं? चॅटमध्ये मधोमध बारीक अक्षरांत ज्या ओळी येतात, त्या वाचायच्या. ॲडमिनने घेतलेल्या माणसाची ओळ ‘अमुकने तमुकला घेतलं’ अशा अर्थाची असते. लिंकवरून आलेल्याच्या ओळीत तो ग्रुपची निमंत्रण लिंक वापरून सामील झाला, असं लिहिलेलं असतं. एजंटला लिंक दिली त्या तारखेनंतरच्या अशा ओळी काढल्या की संशयाची यादी पुष्कळ आटोपशीर होते. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण खरे भाडेकरूही लिंकवरूनच आलेले असतात. म्हणून ताईंनी ग्रुपवर लिहिलं, की प्रत्येकाने आपलं नाव आणि फ्लॅट नंबर उत्तरात द्यावा, रविवारपर्यंत. हातात सोसायटीचं रजिस्टर घेऊन त्या एकेक नंबर जुळवत गेल्या. ग्रुपमध्ये सदस्य निघाले १३१. बहुतेक जुळले, काही घरांतले दोघे-तिघे असल्याचं कळलं, आणि शेवटी नऊ नंबर असे उरले ज्यांनी उत्तर दिलं नाही आणि ज्यांना कोणी ओळखत नव्हतं. त्यातल्या दोघांना फोन केला तर एक तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा परदेशातला मुलगा निघाला, एक पूर्वी राहून गेलेला भाडेकरू. बाकी सात काढले. ही सोसायटी कल्पनेतली असली, तरी लिंक मोकळी सोडलेल्या ग्रुपची उलटतपासणी केली की चित्र साधारण असंच दिसतं. बरेचसे अनोळखी नंबर निरुपद्रवी, थोडे नको असलेले, आणि एखादा खरा धोक्याचा.

काढलेल्या माणसाला त्यापुढचं काहीही वाचता येत नाही. कोणी बाहेर गेलं की उरलेल्या सदस्यांचे फोन संदेशांच्या किल्ल्या टाकून नव्या करतात. पण आधी त्याच्या फोनवर पोहोचलेले संदेश, फोटो आणि नंबर त्याच्याकडेच राहतात, ते परत घेण्याचा उपाय नाही. त्यामुळे ताईंनी सदस्यांना स्पष्ट कळवलं की तुमचे नंबर बाहेर गेले आहेत असं धरून चाला, सोसायटीचं खातं बदललेलं नाही, आणि पैशांचा कोणताही निरोप आला तर ऑफिसात विचारल्याशिवाय भरू नका. ज्या दोघांचे पैसे गेले त्यांना १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर लगेच फोन करायला सांगितलं. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची आशा जास्त.

आणि नवे भाडेकरू? ते तर येतच राहणार, लिंकही लागणार. त्यासाठी व्हॉट्सॲपने एक चांगली सोय दिली आहे आणि ती फार थोड्या ग्रुपांत चालू दिसते, याचं मला वाईट वाटतं. ग्रुपच्या माहितीत `Group permissions` मध्ये `Approve new members` असा पर्याय आहे. तो चालू केला की लिंक उघडणारा माणूस थेट आत येत नाही, त्याची विनंती ॲडमिनकडे जाऊन थांबते. ॲडमिन ती मान्य करतो किंवा नाकारतो, आणि तोवर त्याला ना संदेश वाचता येतात, ना ग्रुपमध्ये लिहिता येतं. लिंक कुठेही फिरली तरी दारात एक माणूस उभा राहतो. ॲडमिनचं काम थोडं वाढतं हे खरं. विनंतीत नुसता नंबर आणि प्रोफाइलवरचं नाव दिसतं, ओळख पटवायची ती आपणच. ठाण्यात यासाठी ठरलं ते असं, की भाडेकरूने आधी ऑफिसात भाडेकराराची प्रत आणि नंबर द्यायचा आणि त्याच नंबरवरून विनंती आली तरच मान्य करायची.

या दारातल्या माणसाला कायद्याच्या नजरेतही अर्थ आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याचं दिसत नसेल, तर ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यामागचं कारण असं होतं, की ॲडमिनच्या हाती सदस्य घेणं आणि काढणं एवढाच मर्यादित अधिकार असतो, टाकला जाणारा मजकूर तो आधी तपासू शकत नाही. म्हणजे ॲडमिनचं जे काही चालतं, ते दारापाशीच. मोकळी सोडलेली लिंक नेमका तोच अधिकार फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाला वाटून टाकते.

दुसरी ॲप वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. टेलिग्रामवर एकाच ग्रुपच्या अनेक लिंका काढता येतात. प्रत्येकीला मुदत आणि किती जणांनी वापरायची याची मर्यादा लावता येते, आणि कोण कोणत्या लिंकवरून आलं तेही दिसतं. एजंटला दिलेली लिंक वेगळी असती, तर तेवढीच रद्द करून भागलं असतं. पण तिथे ग्रुपचं मागचं बोलणं नव्या सदस्याला दाखवण्याचा पर्याय चालू असेल, तर तो पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचू शकतो, हे लक्षात ठेवावं लागतं. सिग्नलमध्ये लिंक सरळ बंदच करता येते, आणि मंजुरीची सोयही आहे.

फळ्यावरचा क्यूआर कोड ही वेगळी चीज नाही. त्या काळ्यापांढऱ्या चौकोनात तीच लिंक असते, तोच २२ चिन्हांचा कोड. त्यामुळे लिंक बदलली की लिफ्टशेजारचा कागदही बाद होतो, आणि नवा भाडेकरू तो स्कॅन करून ‘चालत नाही’ म्हणत वॉचमनकडे जातो. जुना कागद लगेच उतरवायचा. नवा लावायचाच असेल, तर आधी मंजुरीचा पर्याय चालू आहे ना ते पाहायचं, आणि ग्रुपमध्ये नसलेल्या एखाद्या फोनवरून नवा क्यूआर स्कॅन करून विनंती ॲडमिनकडे येते की माणूस थेट आत जातो, हे स्वतः तपासून मग कागद चिकटवायचा.